पाच टक्के कुठून आले?

टायट्रेशनचा प्रयोग संपतो, आकडेमोड होते आणि अहवालाच्या शेवटी एक ओळ हमखास येते: ‘मानवी चुका आणि उपकरणांतील दोष यांमुळे उत्तरात फरक आला असावा.’ ही ओळ खोटी ठरवता येत नाही. अडचण अशी की ती कोणत्याही प्रयोगाखाली, कोणत्याही उत्तराखाली तशीच लिहिता येते. उत्तर जास्त आलं तरी चालते, कमी आलं तरी चालते, फरक अर्ध्या टक्क्याचा असो की वीस टक्क्यांचा. ज्या वाक्याला उत्तराशी काही देणंघेणंच नाही, ते वाक्य त्या उत्तराचं स्पष्टीकरण होऊ शकत नाही.

यात विद्यार्थ्यांना फार दोष देता येत नाही. बारावीच्या जर्नलमध्ये उद्देश, साहित्य, निरीक्षण तक्ता, सी.बी.आर., आकडेमोड आणि निष्कर्ष एवढं लिहिलं की प्रयोग पूर्ण होतो. पुढे पदवीला किंवा परदेशी अभ्यासक्रमात अहवालाचा ‘डिस्कशन’ म्हणजे चर्चेचा भाग मागितला जातो, तेव्हा नेमकं काय लिहायचं हे कोणी शिकवलेलं नसतं. ते काम कसं करायचं, हे एका साध्या प्रयोगावरून पाहू. प्रयोग आहे बाजारातल्या व्हिनेगरमध्ये असेटिक आम्ल किती आहे ते शोधण्याचा.

बाटलीवर लिहिलं आहे: असेटिक आम्ल 4 टक्के, म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये 4 ग्रॅम. विद्यार्थिनीने पिपेटने 10 मिलिलिटर व्हिनेगर घेतलं आणि 100 मिलिलिटरच्या प्रमाणित फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी घालून ते दहापट सौम्य केलं. त्या द्रावणातले 25 मिलिलिटर तिने शंकुपात्रात घेतले, फिनॉल्फ्थेलिनचे दोन थेंब टाकले आणि ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड सोडायला सुरुवात केली. हे द्रावण प्रयोगशाळेतल्या बाटलीतलं होतं आणि बाटलीवरच्या चिठ्ठीनुसार त्याची तीव्रता 0.1 मोलर होती. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला, की अंतिम बिंदू. तिन्ही वेळा ब्युरेटचं वाचन 17.5 मिलिलिटर आलं.

आकडेमोड सरळ आहे. 17.5 गुणिले 0.1 भागिले 25, म्हणजे सौम्य द्रावण 0.070 मोलर. मूळ व्हिनेगर त्याच्या दहापट, म्हणजे 0.70 मोलर. असेटिक आम्लाचं रेणुवस्तुमान 60.05, गुणाकार केला की लिटरला सुमारे 42 ग्रॅम, अर्थात 4.20 टक्के. शेकडा त्रुटी काढायची तर मिळालेल्या मूल्यातून मान्य मूल्य वजा करायचं, त्या फरकाला मान्य मूल्याने भागायचं आणि 100 ने गुणायचं. इथे ती येते अधिक 5 टक्के.

यातलं ‘अधिक’ हे चिन्ह फार महत्त्वाचं आहे. अनेक पुस्तकांत शेकडा त्रुटीचं केवळ मूल्य घ्यायला सांगितलेलं असतं आणि चिन्ह गळून पडतं. चर्चा लिहिताना मात्र ते सांभाळून ठेवावं, कारण उत्तर कोणत्या बाजूला सरकलं आहे हे कळल्याशिवाय कारणाचा शोध सुरूच होत नाही. माझ्या मते चर्चेच्या भागाचा सगळा गाभा दोन प्रश्नांत आहे. मी जे कारण सांगतो आहे, ते उत्तराला याच दिशेने ढकलतं का? आणि ढकलत असेल, तर इतकं ढकलण्याएवढं ते मोठं आहे का? दोन्ही प्रश्नांना ‘हो’ असं उत्तर मिळालं, तरच ते कारण अहवालात ‘संभाव्य कारण’ म्हणून लिहावं.

त्याआधी एक गोष्ट तपासायची. तिन्ही वाचनं 17.5 आली. वाचनं एकमेकांशी जुळतात म्हणजे उत्तर बरोबर आहे, असा समज अनेकांचा असतो. जुळणाऱ्या वाचनांवरून इतकंच कळतं की दर वेळी वेगळी होणारी चूक फारशी झालेली नाही. एखाद्या वेळी थेंब जास्त पडला, एखाद्या वेळी ब्युरेटच्या टोकातला हवेचा बुडबुडा मध्येच निघून गेला, तर वाचनं विखुरली असती: 17.5, 17.9, 17.3 अशी. तशी ती विखुरलेली नाहीत. म्हणजे पाच टक्क्यांचा दोषी शोधायचा तर तिन्ही वेळा सारख्याच मापाने हजर असलेल्या गोष्टींमध्ये शोधला पाहिजे. विखुरलेल्या वाचनांना यादृच्छिक त्रुटी म्हणतात आणि सगळ्या वाचनांना एकाच बाजूला सरकवणारीला पद्धतशीर त्रुटी. चर्चेत हा फरक पहिल्या दोन-तीन वाक्यांत यायला हवा, कारण पुढच्या शोधाची दिशा त्यावरच ठरते.

आता दिशेचा प्रश्न. इथे नेहमीची कारणं एकेक करून तपासली, की बरीचशी गळून पडतात.

शंकुपात्र ओलं होतं, हे कारण अहवालात हमखास सापडतं. शंकुपात्रात आधीच थोडं शुद्ध पाणी असलं तर काय होतं? काहीच नाही. पिपेटने जेवढं आम्ल आत सोडलं तेवढेच त्याचे मोल तिथे आहेत. पाण्याने ते वाढले नाहीत, घटले नाहीत. म्हणून शंकुपात्र पाण्याने धुवायचं असतं आणि कोरडं करायची गरज नसते. मात्र कोणी ते व्हिनेगरनेच विसळलं, तर आम्ल जास्त होतं आणि उत्तर वाढतं.

पिपेटचं उलट आहे. ती नुसत्या पाण्याने धुऊन तशीच वापरली, तर आतल्या पाण्याने व्हिनेगर आणखी सौम्य होतं आणि उत्तर कमी येतं. आपलं उत्तर जास्त आलं आहे, त्यामुळे हे कारण कितीही पटण्याजोगं वाटलं तरी इथे लागू नाही. ब्युरेट पाण्याने धुऊन सोडियम हायड्रॉक्साइडने विसळायची राहिली, तर आतलं द्रावण सौम्य होतं, ते जास्त लागतं आणि उत्तर वाढतं. ही दिशा आपल्या उत्तराशी जुळते. ब्युरेटवर ठेवलेलं नरसाळं काढायचं राहिलं आणि त्यातून थेंब पडत राहिले, तर वाचन कमी येतं. म्हणजे तेही बाद.

वाचताना डोळा पातळीच्या वर होता, हेही एक लाडकं कारण. इथे थोडं थांबून विचार करायला हवा. आपण वापरतो ते आकारमान म्हणजे शेवटचं वाचन वजा सुरुवातीचं वाचन. दोन्ही वेळा डोळा सारख्याच अंतराने वर असेल, तर दोन्ही वाचनं सारखीच चुकतात आणि वजाबाकीत ती चूक निघून जाते. ती उरते केव्हा, तर विद्यार्थी एकाच उंचीवर उभा राहून वरचं वाचनही तिथूनच घेतो आणि खालचंही. त्यामुळे ‘पॅरॅलॅक्समुळे त्रुटी आली’ एवढंच लिहून भागत नाही. ती वजाबाकीत का निघून गेली नाही, हेही सांगावं लागतं.

दिशेच्या चाळणीतून जी कारणं खाली आली, त्यांना आता आकाराची चाळणी लावायची. पाच टक्के म्हणजे नेमकं किती, हे आधी मिलिलिटरमध्ये काढावं. व्हिनेगर खरोखर 4.00 टक्के आणि सोडियम हायड्रॉक्साइड खरोखर 0.1 मोलर असतं, तर 16.65 मिलिलिटर लागले असते. लागले 17.5. म्हणजे 0.85 मिलिलिटरचा हिशेब द्यायचा आहे.

अंतिम बिंदू ओलांडला गेला, हे पहिलं कारण सगळ्यांच्या तोंडी असतं. ब्युरेटचा एक थेंब साधारण 0.05 मिलिलिटरचा. 0.85 मिलिलिटर भरून काढायला सतरा थेंब जास्त पडावे लागतील, आणि तेही तिन्ही वेळा. अंतिम बिंदूच्या पुढे सतरा थेंब गेलेलं द्रावण गडद गुलाबी दिसतं. ते फिकट आहे असं समजणं अशक्य. एका थेंबाची चूक मात्र सहज होऊ शकते. तिचा वाटा 0.05 भागिले 17.5, म्हणजे सुमारे 0.3 टक्के.

काचसामानाचा हिशेबही असाच करता येतो. महाविद्यालयांत सहसा ‘बी’ वर्गाचं काचसामान असतं. त्यातल्या 50 मिलिलिटरच्या ब्युरेटला 0.1 मिलिलिटरची सूट असते, 25 मिलिलिटरच्या पिपेटला 0.06, 10 मिलिलिटरच्या पिपेटला 0.04 आणि 100 मिलिलिटरच्या फ्लास्कला 0.2. शिवाय ब्युरेट दोनदा वाचायची, प्रत्येक वाचनात अर्ध्या घराची शंका धरली तर आणखी 0.1. यांचे टक्के काढून, थेंबाच्या चुकीसह, सगळे एकाच बाजूला झुकले असं गृहीत धरून बेरीज केली, तरी ती अडीच टक्क्यांच्या आतच राहते. प्रत्यक्षात सगळी उपकरणं एकाच बाजूला झुकत नाहीत, त्यामुळे खरा वाटा याहून बराच कमी असतो. ‘उपकरणांतील दोष’ या दोन शब्दांवर पाच टक्क्यांचा भार टाकता येत नाही, हे या बेरजेवरून कळतं.

आता उरलं ब्युरेटमधलं द्रावण. आकडेमोडीत आपण त्याची तीव्रता 0.1 धरली, ती केवळ बाटलीवरच्या चिठ्ठीच्या भरवशावर. सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे वजन करायला काढले की हवेतलं पाणी शोषू लागतात. थोड्या वेळात ते ओलसर, चिकट दिसतात. लिटरला 4 ग्रॅम तोलले, तरी त्यातलं काही वजन पाण्याचं असतं. शिवाय ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि सोडियम कार्बोनेट बनतं. असं एक कार्बोनेट बनायला दोन हायड्रॉक्साइड खर्ची पडतात, पण फिनॉल्फ्थेलिन वापरलं की ते कार्बोनेट बायकार्बोनेटपर्यंतच पोचतं आणि एकाच आम्ल प्रोटॉनला शमवतं. म्हणजे द्रावणाचं बळ घटतं. बाटली वरचेवर उघडली जात असेल तर ही घट वाढतच जाते.

दिशा पाहू. द्रावण चिठ्ठीवरच्यापेक्षा कमजोर असेल, तर ते जास्त लागेल आणि उत्तर वाढेल, जुळतं. तिन्ही वेळा तेच द्रावण वापरलं, म्हणून वाचनं एकमेकांशी जुळली, हेही बसतं. आकार पाहू. पाच टक्के फरक पडायला द्रावणाची खरी तीव्रता सुमारे 0.095 असायला हवी. दाण्यांमधल्या ओलाव्याने आणि कार्बोनेटने इतकी घट होणं अगदी शक्य आहे. म्हणजे दोन्ही चाळण्यांतून हे कारण पार पडलं.

तरीही हा अजून तर्कच आहे. सुदैवाने तो तपासता येतो. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक शुद्ध मिळतात, हवेत ठेवले तरी त्यांचं वजन सहसा बदलत नाही, म्हणून त्यांचं द्रावण वजनावरून भरवशाने बनवता येतं. 1.576 ग्रॅम स्फटिक 250 मिलिलिटरमध्ये विरघळवले, की 0.05 मोलर द्रावण मिळतं. त्याचे 25 मिलिलिटर घेऊन तेच सोडियम हायड्रॉक्साइड सोडलं. ते खरोखर 0.1 मोलर असतं तर 25.0 मिलिलिटर लागले असते. लागले 26.1. म्हणजे खरी तीव्रता 0.0958 मोलर.

हा आकडा पहिल्या आकडेमोडीत घातला, की व्हिनेगर 4.03 टक्के निघतं. शेकडा त्रुटी पाचवरून पाऊण टक्क्यावर आली. हा उरलेला पाऊण टक्का काचसामानाच्या आणि एखाद्या थेंबाच्या मर्यादेत आरामात बसतो. त्यामागे आणखी खास कारण शोधत बसण्याची गरज नाही, आणि तसं सांगणं हाही चर्चेचाच भाग आहे.

आणखी एक प्रश्न विचारायला विद्यार्थी बहुधा कचरतात: आपण ज्याला मान्य मूल्य म्हणतो, ते किती मान्य आहे? बाटलीवर ‘4 टक्के’ असा गोळाबेरीज आकडा आहे, 4.00 नव्हे. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार व्हिनेगरमध्ये असेटिक आम्ल किमान 3.75 टक्के असावं लागतं. म्हणजे लेबलामागे एक किमान मर्यादा आहे, त्या बाटलीचं काटेकोर मापन असेलच असं नाही. त्यामुळे लेबलाशी केलेली तुलना जपून करावी. पाऊण टक्क्याच्या फरकावरून ‘माझा प्रयोग चुकला’ असंही म्हणता येत नाही आणि ‘कंपनीचं लेबल चुकलं’ असंही म्हणता येत नाही.

शेकडा त्रुटी लहान आली म्हणून निर्धास्तही होऊ नये. समजा द्रावण असंच कमजोर होतं आणि पिपेटही नुसत्या पाण्याने धुतलेली होती. एक चूक उत्तर वाढवते, दुसरी घटवते. दोघी मिळून एकमेकींना झाकतात आणि अर्धा टक्का त्रुटी दिसते. म्हणून त्रुटी शून्याजवळ असली, तरी द्रावणाची तीव्रता तपासली होती का, हे चर्चेत लिहावं.

हे सगळं कागदावर कसं उतरतं, ते दाखवण्यासाठी या प्रयोगाची चर्चा मी इथे लिहून देतो.

‘व्हिनेगरमध्ये असेटिक आम्लाचं प्रमाण 4.20 टक्के मिळालं. लेबलवरच्या 4 टक्क्यांच्या तुलनेत शेकडा त्रुटी अधिक 5 आहे. तिन्ही वाचनं 17.5 मिलिलिटर आल्यामुळे यादृच्छिक त्रुटी लहान असून फरक मुख्यतः पद्धतशीर असावा. अंतिम बिंदू एका थेंबाने ओलांडला गेला असल्यास 0.3 टक्के फरक पडतो. काचसामान, वाचन आणि हा थेंब यांच्या सगळ्या मर्यादा एकत्र केल्या तरी अडीच टक्क्यांपेक्षा जास्त होत नाही. म्हणून ही कारणं पुरेशी नाहीत. सोडियम हायड्रॉक्साइडची तीव्रता चिठ्ठीवरून 0.1 मोलर धरली होती. ऑक्झॅलिक आम्लाशी अनुमापन केल्यावर ती 0.0958 मोलर आढळली. दाण्यांनी शोषलेला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड हे या घटीचं संभाव्य कारण आहे. सुधारित तीव्रतेनुसार प्रमाण 4.03 टक्के येतं. उरलेला फरक मोजमापाच्या मर्यादेत आहे. पुढच्या वेळी द्रावण उकळून थंड केलेल्या शुद्ध पाण्यात बनवावं, घट्ट बुचाच्या प्लॅस्टिक बाटलीत ठेवावं आणि प्रयोगाच्या दिवशीच त्याची तीव्रता तपासावी.’

शेवटचं वाक्य पाहा. सुधारणा म्हणून ‘अधिक काळजी घ्यावी’ असं त्यात कुठेही नाही. सुधारणा सापडलेल्या कारणालाच धरून असावी, आणि दुसऱ्या कोणाला वाचून ती करता यावी. अंतिम बिंदूच मुख्य दोषी ठरला असता, तर सुधारणा वेगळी लिहावी लागली असती: शंकुपात्राखाली पांढरा कागद ठेवावा, शेवटी अर्धा-अर्धा थेंब सोडावा.

प्रत्येक वेळी दुसरं अनुमापन करून कारण सिद्ध करता येत नाही. तास संपतो, द्रावण संपतं. अशा वेळी लिहिणाऱ्याने तर्क आणि पुरावा यांत सरमिसळ करू नये. ‘द्रावण कमजोर असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, दिशा आणि आकार दोन्ही जुळतात, तीव्रता तपासलेली नाही’ असं लिहिलेली चर्चा अपुरी असली तरी प्रामाणिक असते. घाईत वाचनं फिरवून 16.7 लिहिणाऱ्याच्या हाती मात्र त्रुटीही उरत नाही आणि तिचं कारणही.

तेव्हा जर्नल लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि ते तपासणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. ‘मानवी चूक’ हे शब्द अहवालात दिसले, की त्यापुढे तीन गोष्टी लिहायला सांगा: कोणती चूक, उत्तर कोणत्या बाजूला नेणारी आणि किती मिलिलिटरची. या तीन गोष्टी लिहिता येत नसतील, तर ते वाक्य खोडून टाकावं.